मदत हवी आहे: एकच शुद्ध सूर शेजारच्या खान्यांत का सांडतो?

नमस्कार. फुरिये रूपांतराचा प्रयोग करताना एका ठिकाणी अडलो आहे.

सेकंदाला १००० नमुने घेऊन मी १ व्होल्टचा ५० हर्ट्झचा सूर आणि त्यात मिसळलेला ०.०१ व्होल्टचा ५८ हर्ट्झचा सूर नोंदवला. १००० नमुन्यांवर एफएफटी केल्यावर दोन्ही सुरांच्या रेषा स्वच्छ दिसतात. मात्र १०२४ नमुने घेतले, की मोठा सूर आजूबाजूला पसरतो आणि लहान सूर त्या पसाऱ्यात पार बुडून जातो.

माझी समजूत अशी आहे: रूपांतर प्रत्येक वारंवारतेच्या साइन आणि कोसाइनने सिग्नलला गुणून बेरीज करते, आणि न जुळणाऱ्या सुराची बेरीज शून्य होते ती त्याची आवर्तने पूर्ण भरली तरच. १०२४ नमुन्यांत ५० हर्ट्झची ५१.२ आवर्तने बसतात, म्हणून उरलेला तुकडा सगळ्या खान्यांत थोडाथोडा झिरपतो. ५८ हर्ट्झजवळ हा झिरपा सुमारे ०.०२४ व्होल्ट भरतो, म्हणजे लहान सुराच्या दुपटीहून अधिक. हे बरोबर आहे का?

हान विंडो लावल्यावर लहान सूर पुन्हा दिसला, पण दोन्ही शिखरे रुंद झाली. लहान सूर ५१.५ हर्ट्झवर असता, तर तो या रुंदीत हरवला असता असे वाटते. नमुन्यांपुढे शून्ये जोडून आलेख गुळगुळीत झाला, तरी शिखरे अरुंद झाली नाहीत. अशा वेळी अधिक सेकंद नोंद घेणे हाच एकमेव मार्ग आहे का? जाणकारांनी कारणासह सांगावे, ही विनंती.