'अमोन' एक, 'एमिन' अनेक: टॉल्किनच्या नावांमागचं व्याकरण

राजारामपुरी_वाचक: टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये एका टेकडीचं नाव 'अमोन हेन' आणि टेकड्यांच्या रांगेचं 'एमिन मुइल'. शब्द एकच वाटतो, मग स्वर का बदलले? छपाईतली चूक का?

पेठेतला_गडी: चूक न्हाई भावा. कानाला बरी वाटतील अशी नावं ठेवली त्यानं, नियम मागनं बसवले असणार.

व्याकरणवाली: कानाला बरं वाटणं त्याला महत्त्वाचं होतं, हे खरं. पण आधी भाषा आणि मग गोष्टी, असंच तो स्वतः सांगत असे. ही सिंडारिन, त्याच्या गोष्टींतल्या एल्फ लोकांची भाषा. तिचा नाद त्यानं वेल्शवरून घेतला आणि अनेकवचनाची रीतही तशीच. आपल्या 'मूल–मुलं'मध्ये अनेकवचनाची खूण शेवटी ऐकू येते. सिंडारिनमध्ये फार पूर्वी शब्दाच्या शेवटी 'ई' होता. तो गळाला, पण जाताना आधीचे स्वर स्वतःकडे ओढून गेला. शेवटच्या अक्षरातला 'ओ' बदलून वेल्शसारखा 'y' झाला, जो आपण इथं 'इ' लिहितोय, त्याआधीच्या 'अ'चा आणि 'ओ'चा 'ए'. म्हणून अमोन–एमिन. 'माणूस' या अर्थाचा 'अदान'ही तसाच 'एदाइन' होतो, फक्त तिथं शेवटच्या 'अ'चा 'आइ' झालाय.

राजारामपुरी_वाचक: मग 'ओरोद' म्हणजे पर्वत, त्याचं 'एरिद' व्हायला हवं. नकाशात तर 'एरेद लुइन' आहे!

व्याकरणवाली: अगदी नेमकं पकडलंत. त्याच्या इतर लिखाणात 'एरिद' सापडतं, छापील नकाशात 'एरेद' राहिलं. काही जण याला बोलीतला फरक मानतात. मला तरी हे जुनं रूप तसंच राहून गेल्यासारखं वाटतं.

पन्हाळ्याचा_पाहुणा: मी कादंबरी लिहितोय. किल्ला 'झुर्कान', तिथले लोक 'झुर्कानी'. शेजारच्या 'तर्मान'च्या लोकांना 'तर्मोश' म्हटलंय. चालेल ना?

व्याकरणवाली: दोन्ही गावं एकच भाषा बोलत असतील तर 'तर्मानी'च हवं. 'तर्मोश' ठेवायचं तर ते नाव परक्यांनी दिलंय असं कथेत कुठंतरी दिसू द्या. शब्दक्रमही आधीच ठरवा. आपण 'पन्हाळगड' म्हणतो, गड शेवटी. सिंडारिनमध्ये दोन सुटे शब्द असले की मुख्य शब्द आधी येतो. 'मिनास तिरिथ'मध्ये 'मिनास' म्हणजे बुरूज, 'तिरिथ' म्हणजे पहारा. जोडून एक शब्द झाला की बहुधा आपल्यासारखंच. 'मोर्डोर'मध्ये 'मोर' काळा आणि 'डोर' भूमी. 'गोंडोर'मध्येही 'डोर' शेवटीच, आधी 'गोंड' म्हणजे दगड.

पेठेतला_गडी: आणि 'ओरोद्रुइन'? जोडून लिहिलंय, तरी पर्वत पुढंच की!

व्याकरणवाली: म्हणूनच 'बहुधा' म्हटलं. दोन सुटे शब्द वापरात चिकटले असावेत, असं मी धरते. पण 'कराध्रास'सारख्या नावात शिंग या अर्थाचा 'रास' शेवटी आहे, मग पर्वतच पुढं का, हे मला अजून पटेल असं कुणी सांगितलेलं नाही.

पन्हाळ्याचा_पाहुणा: तर 'तर्मोश' परक्यांच्या तोंडी देतो. त्यांची भाषा वेगळी करावी लागणार म्हणजे.