दोन महिने थकलेलं बिल आणि ते पत्र: तुमचे अनुभव लिहा

धागा काढणारी, सांगली

आमचं छोटं वर्कशॉप आहे. नवरा लेथवर असतो, बिलं आणि वसुली माझ्याकडे. पंप बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं बिल दोन महिने थकलं तेव्हा फोन करून करून माझाच घसा बसला होता. "मॅडम, शुक्रवारी बघतो" असं दर शुक्रवारी ऐकायचं. पाच वर्षांचं गिऱ्हाईक, त्यामुळे तोडायचं तर नव्हतं. शेवटी पत्र लिहायला बसले.

पहिल्या खर्ड्यात सगळा राग होता. "आपण आमची फसवणूक करीत आहात" हेसुद्धा लिहिलं होतं. रात्री नवऱ्याने वाचला आणि म्हणाला, "हे त्यांच्या साहेबाने वाचलं तर पैसे देईल, पण ऑर्डर पुन्हा देणार नाही." सकाळी पुन्हा लिहिलं. गेलेलं पत्र असं:

> दि. 30 सप्टेंबर 2024
>
> प्रति, लेखा विभाग. प्रत: खरेदी विभाग.
>
> विषय: आमच्या 12 जून 2024 च्या बिलाची येणे रक्कम रु. 1,86,440
>
> महोदय,
>
> आपल्या खरेदी आदेशानुसार गनमेटलचे 400 बुश, दर रु. 395, आम्ही पाठवले. माल 14 जूनला आपल्याकडे उतरवून घेतल्याची सही-शिक्क्याची चलनप्रत सोबत जोडली आहे. आदेशात ठरलेली 45 दिवसांची मुदत 29 जुलैला संपली. त्याला आज दोन महिने झाले.
>
> माल, दर किंवा बिलाबाबत काही हरकत असल्यास ती आम्हाला 4 ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावी. हरकत नसल्यास संपूर्ण रक्कम 7 ऑक्टोबरपर्यंत खात्यात जमा करावी.
>
> आम्ही उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग आहोत. उशिराच्या रकमेवर कायद्याप्रमाणे व्याज लागू होते. त्याची मागणी आज केलेली नाही. 7 ऑक्टोबरनंतर ती करावी लागेल. नवीन मालही मागील येणे जमा झाल्यावरच पाठवता येईल.
>
> आपले संबंध जुने आहेत, ते पुढेही राहावेत ही इच्छा. कळावे.

मेल केलं आणि स्पीड पोस्टनेही पाठवलं. पुढे काय झालं ते नंतर सांगते. आधी तुमचं लिहा.

मार्चएंड

पत्र बरंय, पण फार मवाळ. मी सरळ लिहितो, 45 दिवसांत पैसे दिले नाहीत तर आयकरात तुमचा खर्च बाद होईल. 43बी(एच). कुठलाही व्यापारी असो, दुसऱ्या दिवशी पैसे.

निवृत्त हिशेबनीस

मार्चएंड, अर्धं बरोबर आहे. मी पंचवीस वर्षं पलीकडच्या टेबलावर होतो, म्हणजे पैसे देणाऱ्या बाजूला. खर्च कायमचा बाद होत नाही. मुदत उलटून गेलेली रक्कम 31 मार्चलाही थकलेली असेल तर त्या वर्षी वजावट मिळत नाही, ज्या वर्षी पैसे देतील त्या वर्षी मिळते. त्यामुळे सप्टेंबरमध्ये या धमकीने कुणी हलत नाही. आमचे साहेब हसले असते. फेब्रुवारीत मात्र तेच वाक्य लिहा, सगळी टेबलं हलतात. दुसरं म्हणजे हे फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या येण्याला आहे, मध्यम उद्योगाला नाही. 45 दिवससुद्धा लेखी ठरलेलं असेल तर जास्तीत जास्त. काहीच लेखी नसेल तर 15.

ताईंच्या पत्रात मला आवडलं ते हरकतीचं वाक्य. बिल अडतं तेव्हा दर वेळी पैसे नसतात असं नाही. कधी माल आवक नोंदच झालेली नसते, कधी बिलावर ऑर्डरचा नंबर चुकलेला असतो, आणि बिल कुणाच्या तरी ट्रेमध्ये पडून असतं. फोनवर हे कुणी सांगत नाही, कारण चूक आपलीच असते. आकडा, तारीख आणि जोडलेलं चलन असलेला कागद आला की तो बिलाला लावून सहीला पाठवता येतो. "मागील बरीच रक्कम बाकी आहे" असं पत्र आलं तर आम्ही ते फाइल करायचो. बस.

खिसा_रिकामा

माझ्या मेव्हण्याने घराच्या कामासाठी दीड लाख नेलेत, दोन वर्षं झाली. त्याला असं पत्र चालेल का? बायको नको म्हणते.

निवृत्त हिशेबनीस

बायकोचं ऐका. पण त्याने घेतल्याचं काहीतरी लेखी असू द्या, तीन वर्षांची मुदत चालू आहे.

म्हापसेकर

मी गोव्यात हॉटेलांना चादरी-टॉवेल पुरवतो. मीही उद्यम नोंदणी दाखवून व्याजाचं वाक्य टाकलं होतं. हॉटेलच्या सीएने उलट कळवलं की तुम्ही ट्रेडर आहात, तुमच्या नोंदणीचा फायदा बँकेच्या कर्जापुरता. चौकशी केली तर खरंच तसं निघालं. नाक कापलं गेलं.

आता मी पत्रात मार्ग देतो. पावसाळ्यात हॉटेलवाल्याकडे पैसा नसतो हे मला ठाऊक आहे. म्हणून "निम्मे या महिन्यात, निम्मे पुढच्या 10 तारखेला, दोन्हीचे चेक आत्ता द्या" असं लिहितो. चेक हातात असला की बाकी खरी आहे हे त्यांनीच कबूल केल्यासारखं. एकदा वटला नाही, तेव्हा बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत वकिलाची नोटीस गेली. नोटीस पोचल्यावर आठवड्यात पैसे आले. तसे हॉटेलवाले वाईट नाहीत.

शब्दांची_हमाल

मी भाषांतरं करते, पुणे. माझं पत्र माझ्याच अंगावर आलं. 90,000 च्या बिलाचे 81,000 आले होते, उरलेल्या 9,000 साठी दोन महिने वाट पाहून मी जरा तिखटच लिहिलं. उत्तर एका ओळीचं: "10 टक्के टीडीएस कापला आहे, 26एएस पाहावे." पाहिलं, होता. तेव्हापासून पत्र लिहिण्याआधी तिथे डोकावते.

मार्चएंड

हिशेबनीस काका, मान्य. पण ताईंनी व्याजाचा आकडा का नाही टाकला? आकडा दिसला की घाबरतात.

धागा काढणारी, सांगली

आकडा काढून ठेवला होता. बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. रेट तेव्हा 6.75 होता, म्हणजे 20.25 टक्के. दोन महिन्यांचे 6,345 रुपये होत होते. पत्रात घातला नाही कारण पहिल्याच पत्रात घातला तर मूळ रक्कम बाजूला राहते आणि व्याजावरच भांडण सुरू होतं, असं मला वाटलं.

आता पुढचं. 3 ऑक्टोबरला त्यांच्या स्टोअरमधून फोन आला. 400 पैकी 4 बुश बोअर मोठा म्हणून नाकारले होते. 396 ची आवक नोंद आणि 400 चं बिल, जुळेना, म्हणून अख्खं बिल अडकलेलं. चार बुशसाठी! खरेदीवाल्याला माहीत होतं, तरी तो "शुक्रवारी बघतो" म्हणत होता. मी त्याच दिवशी जीएसटीसह 1,864.40 ची क्रेडिट नोट केली आणि 9 तारखेला 1,84,575.60 जमा झाले.

व्याज सोडलं. नवरा म्हणतो बरं केलंस, माझी जाऊ म्हणते मागायला हवं होतंस, हक्काचं होतं.

म्हापसेकर

जाऊबाईंशी सहमत. निदान पुढच्या बिलात दर वाढवायचा.

निवृत्त हिशेबनीस

चार बुश नाकारल्याचं त्यांनी माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी कळवलं नव्हतं ना? मग कायद्याने माल स्वीकारलाच गेला होता. क्रेडिट नोट द्यायचीही गरज नव्हती, ताई.

धागा काढणारी, सांगली

हो का? पण बोअर खरंच मोठा होता हो. परत आलेले चारही बुश मी स्वतः प्लग गेज घालून पाहिले, नो-गो आरामात आत गेला.