काकांच्या बैठकीत आत्याच्या सहीचा विषय कसा काढायचा?

ओझरची_पुतणी: रविवारी निफाडच्या घरी बैठक आहे. आजोबांच्या जमिनीवर आत्याची हक्कसोडाची सही घ्यायचं ठरतंय. आत्या गप्पच आहे. मी 23 वर्षांची, सगळ्यांत धाकटी. तोंड उघडलं की "तुला काय कळतं" होतं. बोलू कशी?

गोदाकाठ: बैठकीत पहिल्यांदा बोलू नका. दोन दिवस आधी, जेवणं झाल्यावर मोठ्या काकांकडे एकट्या जा. "काका, रविवारी एक विचारायचंय, चालेल ना?" एवढंच. त्यांनी हो म्हटलं की बैठकीत तुम्हाला गप्प बसवणं त्यांनाच जड जातं. तिथे कायद्याने सुरुवात करू नका. सुनांदेखत कलम ऐकवलं की काकांना ते भांडणच वाटतं. विचारा, "आत्याला कागद वाचायला दिलाय का? सही आठ दिवसांनी झाली तर चालेल का?" आणि थांबा. उत्तर येईपर्यंत पुढचं वाक्य नको. चहा येऊन माणसं उठायला लागली की विषय काढूच नका.

द्राक्षवाला: पण वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलाइतका हक्क देणारा 2005 चा कायदा येण्याआधी आत्याचं लग्न झालं असेल, तर तिचा हक्कच नाही. मग कशाला वाद?

गोदाकाठ: लग्न कधी झालं याचा संबंध नाही. वडील 2005 मध्ये हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. आणि जमीन आजोबांची स्वकष्टार्जित असेल, मृत्युपत्र नसेल, तर मुलीला 1956 पासूनच मुलाइतका वाटा आहे. मात्र 2004 च्या 20 डिसेंबरपूर्वी नोंदणी होऊन झालेली वाटणी उकरता येत नाही. म्हणून आधी सातबारा आणि जुने फेरफार काढून पाहा.

पंचवटीकर: सरळ वाटणीचा दावा टाका, बैठक कशाला हवी!

सिन्नरची_सून: अहो, ती बोलायचं कसं विचारतेय, दाव्याचं नाही. पण माझा विरोध वेगळाच आहे. आत्याला न विचारता तिची वकिली कशी करणार? माहेर टिकावं म्हणून ती स्वतःहून सोडत असेल. पुतणीने तोंड घातलं की "हिला आत्याने शिकवलं" हा ठपका आत्यावरच बसतो.

गोदाकाठ: हे मात्र खरं, मी आधीच लिहायला हवं होतं. पहिला फोन आत्याला. ती "नको" म्हणाली तर विषय तिथेच संपतो. फक्त तिला एक माहीत असू दे: नोंदणी झालेलं हक्कसोड तिला एकटीला मागे घेता येत नाही. दबाव किंवा फसवणूक म्हणायचं तर कोर्टाची पायरी चढावी लागते.

द्राक्षवाला: तरी घरातलं घरात राहावं हेच माझं मत. आठ दिवस थांबा म्हणणं म्हणजेही काकांवर अविश्वासच झाला की.

सिन्नरची_सून: वाचून सही केली तर अविश्वास कसला?

ओझरची_पुतणी: आत्याला आज रात्री फोन करते. काकांकडे शुक्रवारी जाईन, पण तेव्हा काकूही समोर असतील. चालेल का?

गोदाकाठ: असू द्या. पण बोलायचं काकांशीच.

सिन्नरची_सून: मी तर आधी काकूंशी बोलले असते.