मदत हवी आहे : कंपोस्टच्या डब्यात अळ्या, चिलटे, झुरळे आणि आता उंदीरही

शर्वरी_ठाणे

आम्ही घरातला ओला कचरा घरातच जिरवतो. उन्हाळ्यात काहीही त्रास नव्हता, परंतु पाऊस सुरू झाल्यापासून डब्यात अळ्या झाल्या आहेत, स्वयंपाकघरात चिलटांचे थवे फिरतात, रात्री दिवा लावला की डब्याभोवती झुरळे पळताना दिसतात आणि या आठवड्यात उंदीरही येऊ लागला आहे. सासूबाईंनी रविवारपर्यंत डबा बाहेर काढायला सांगितले आहे. डब्यावर फवारता येईल असे एखादे घरगुती औषध कृपया कोणी सुचवावे. कोकोपीट घालतो, त्यामुळे तो मुद्दा पुन्हा सांगू नये.

रोहिणी_क

ताई, ताकाचा प्रयोग करून पाहावा. आठवड्यातून एकदा वाटीभर आंबट ताक पाण्यात मिसळून त्यात गुळाचा खडा विरघळवावा आणि डब्यात ओतावा. त्याने जिवाणू वाढतात, कचरा लवकर कुजतो आणि माशांना बसायला काही उरत नाही. मी अनेक वर्षे असेच करते आणि माझ्याकडे एकही माशी नाही.

मातीवाला

औषधाचे नंतर पाहू, कारण आधी काही गोष्टी कळायला हव्यात. डबा कोणत्या प्रकारचा आणि किती मोठा आहे, छिद्रे कोठे आहेत, तो कोठे ठेवला आहे, त्याच्या खाली काय आहे, आणि सालींखेरीज त्यात काय काय जाते? कोकोपीट घालता हे कळले, परंतु किती घालता आणि ते वर पसरता की कचऱ्यात कालवता? अळ्यांचा रंग आणि आकारही सांगावा.

रोहिणीताईंच्या सूचनेतील ताकाबद्दल माझी तक्रार नाही. डबा कोरडा पडला असेल तर पातळ ताक चालते. मात्र पावसाळ्यात, अळ्या झालेल्या डब्यात गूळपाणी ओतू नये. डबा आणखी ओला होईल आणि आंबलेल्या गोड वासावर चिलटे हमखास येतील.

शर्वरी_ठाणे

चाळीस लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम आहे, बाजूंना आणि तळाला छिद्रे पाडलेली आहेत. कोरड्या बाल्कनीत, कपडे धुण्याच्या यंत्राच्या शेजारी ठेवला आहे. खाली पाणी पडू नये म्हणून मोठी थाळी ठेवली आहे आणि ती भरली की ओतून देतो. घरात चार माणसे आहेत. साली, चहाचा चोथा, निर्माल्य, उरलेला भात, आमटी, पोळ्यांचे तुकडे, आणि रविवारी माशांचे काटे, हे सर्व त्यातच जाते. शेवटी तेही जैविकच आहे. कोकोपीट रोज एक मूठ वरून घालतो. अळ्या दोन प्रकारच्या आहेत : काही पांढऱ्या, बारीक आणि काही तपकिरी, चपट्या, चांगल्या मोठ्या.

गावाकडचा

आमच्याकडे परसात खड्डा आहे. शेण, पालापाचोळा आणि घरातला सर्व कचरा त्यातच जातो, वर मातीचा थर देतो, आणि आजवर कधी तक्रार आली नाही. शहरातील लोकांनी प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी मातीचा खड्डा करावा. पावसाआधी त्यावर झावळ्यांचे छप्पर मात्र घालायलाच हवे.

देवदत्त_न

सदनिकेत खड्डा कोठे करणार? माझा सल्ला असा की ही पद्धतच सोडून बोकाशी करावी. हवाबंद डब्यात कचरा दाबून भरायचा, वर बोकाशीचा कोंडा भुरभुरायचा आणि झाकण घट्ट लावायचे. माशी आत जाऊच शकत नाही, आणि शिजवलेले अन्न व मासेही चालतात. दोन आठवड्यांत खत तयार होते.

मातीवाला

देवदत्त, पहिला भाग बरोबर आहे. शेवटचे वाक्य मात्र अपुरे आहे. बोकाशीच्या डब्यात दोन आठवड्यांनी जे मिळते ते खत नसून आंबवलेला कचरा असतो, आणि तो पुढे मातीत पुरून किंवा मातीत कालवून आणखी काही आठवडे ठेवावा लागतो. ज्यांच्याकडे मोठ्या कुंड्या आणि माती आहे त्यांच्यासाठी ती उत्तम सोय आहे.

शर्वरीताई, तुमच्या थाळीतच अर्धे उत्तर आहे. नीट चाललेल्या डब्यातून थाळी भरण्याइतके पाणी गळत नाही. सालीभाजीच्या एक किलो कचऱ्यात पाऊण किलोहून जास्त पाणीच असते, उन्हाळ्यात ते बाजूच्या छिद्रांतून उडून जाते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ते तसेच आत राहते. त्यावर आमटीची भर पडते. चार माणसांच्या कचऱ्याला एक मूठ कोकोपीट फार अपुरे आहे. ओल साचली की हवा खेळत नाही, कचरा कुजण्याऐवजी सडतो, आणि तो वास माशीला दुरून कळतो.

तुमच्या पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या अळ्या बहुधा घरमाशीच्या असाव्यात. त्या वाढणे म्हणजे वरचा थर उघडा आणि ओला आहे. तपकिरी, चपट्या, वळ्यावळ्यांच्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. ती माशी गांधीलमाशीसारखी दिसते, परंतु चावत नाही आणि घरमाशीप्रमाणे आपल्या ताटावर येऊन बसत नाही. तिच्या अळ्या कचरा झपाट्याने संपवतात, म्हणून त्यांना मारण्याची आवश्यकता नाही. ओल कमी केली की त्यांची संख्या आपोआप घटते.

फवारणी कसलीही करू नये. कीटकनाशकाने अळ्यांबरोबर खत करणारे जीवही मरतात आणि ते औषध पुढे तुमच्या कुंड्यांत जाते.

सुनंदा_मुलुंड

अळ्या उपयोगी आहेत हे मान्य, परंतु घरात रांगते मूल असेल आणि अळ्या ड्रममधून बाहेर येऊन फरशीवर फिरू लागल्या तर ते कोणाला पटणार? माझ्या घरी असेच झाले होते, आणि शेवटी तो डबा सोसायटीच्या बागेत नेऊन ठेवावा लागला.

मातीवाला

सुनंदाताई, तुमची अडचण खरी आहे. कोषात जाण्यापूर्वी या अळ्या कोरडी जागा शोधत बाहेर पडतात, म्हणून डब्याच्या छिद्रांवर आतून बारीक जाळी लावावी आणि झाकणाखाली जुने सुती कापड ताणून बांधावे. तरीही ज्यांना अळी नजरेसमोर नकोच, त्यांच्यासाठी घरातील डबा हा योग्य मार्ग नाही, हे मी मान्य करतो.

शर्वरीताई, आता काय करावे ते सांगतो. एका दुपारी जुन्या चादरीवर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर ड्रम पूर्ण रिकामा करावा. त्यात कुस्करलेला वाळका पालापाचोळा किंवा सुतारकामाचा भुसा कालवत राहावे. भुसा प्लायवूडचा मात्र नसावा. मूठभर मिश्रण जोराने पिळल्यावर बोटांतून पाणी ठिबकत नाही, तळवा फक्त ओलसर होतो आणि गोळा धरून राहतो, तेव्हा ओल योग्य झाली असे समजावे. ड्रमच्या तळाशी चार बोटे उंचीचा नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा, त्यावर हे मिश्रण भरावे आणि वर दोन इंच कोरडा थर ठेवावा. निदान दोन आठवडे या ड्रममध्ये नवा कचरा घालू नये. तोवर दुसरा लहान डबा सुरू करावा. पुढे रोज एक वाटी कचऱ्याला दोन वाट्या कुस्करलेली पाने, किंवा कोकोपीट असेल तर पाऊण ते एक वाटी कालवावे. ते वरून भुरभुरून भागत नाही. वरचा कोरडा थर बाजूला करून नवा कचरा आत पुरावा आणि थर पुन्हा सारखा करावा.

चिलटांची अंडी बहुतेकदा केळ्याच्या आणि आंब्याच्या सालींबरोबर बाजारातूनच घरात येतात. म्हणून साली ओट्यावर उघड्या न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात किंवा रात्रभर शीतपेटीच्या बर्फकप्प्यात ठेवून मग ड्रममध्ये घालाव्यात. आपल्या हवेत चिलटाची एक पिढी साधारण दहा दिवसांत पूर्ण होते, म्हणून सर्व व्यवस्थित केले तरी आधीच घातलेल्या अंड्यांतून निघालेली चिलटे दहा-बारा दिवस दिसत राहतील. तेवढ्यात धीर सोडू नये.

रोहिणी_क

माझ्याकडे गुळाने चिलटे कधी आली नाहीत. कदाचित माझा डबा गच्चीवर, वाऱ्यात असल्यामुळे असेल. बाकी शिजवलेले अन्न मी घालत नाही, हे सांगायचे राहिले.

सुनंदा_मुलुंड

उंदरांचे काय? एवढ्या उत्तरांत त्याविषयी कोणीच बोलले नाही. आणि तो उंदीरच आहे की चिचुंद्री?

शर्वरी_ठाणे

अंधारात नीट दिसले नाही, तोंड लांबट वाटले. मात्र ड्रमच्या तळाजवळील एक छिद्र आता मोठे आणि खरबरीत झाले आहे, काठावर दातांचे ओरखडे आहेत.

मातीवाला

तर मग उंदीरच. चिचुंद्री झुरळे आणि अळ्या खायला येते, ती प्लॅस्टिक कुरतडत नाही. तो तुमच्या सालींसाठी आलेला नसून भात, पोळी आणि माशांसाठी आलेला आहे. आज रात्रीपासूनच शिजवलेले अन्न, मासे आणि तेलातुपाचे काहीही ड्रममध्ये घालू नका. तेवढ्याने वास कमी होतो, पण एकदा जागा कळलेला उंदीर पुन्हा येतो, म्हणून छिद्रांवर बाहेरून पाव इंची तारेची वेल्डेड जाळी पक्की बसवावी. लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतूनही आत जाऊ शकतो आणि नायलॉनची जाळी तो सहज कुरतडतो. ड्रम विटांवर उचलून ठेवावा आणि भिंतीपासून वीतभर दूर असावा. कुरतडलेला भाग, थाळी आणि आजूबाजूची फरशी हाताळताना हातमोजे घाला, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो; पावसाळ्यात ही खबरदारी टाळू नये. विषारी गोळ्या मात्र कंपोस्टजवळ ठेवू नका.

थाळी काढून टाकल्याने आणि विटांमुळे झुरळांचीही लपण्याची ओलसर जागा जाईल. ड्रमखाली पुठ्ठा असेल तर तो फेकून द्यावा, झुरळांची अंड्यांची कोशिके त्याच्या घड्यांत असतात. बोरिक पावडरच्या गोळ्या यंत्रामागील फटींत, मुलांच्या हाताबाहेर ठेवता येतील, परंतु ती पावडर ड्रममध्ये जाता कामा नये, बोरॉन जास्त झाले तर झाडे जळतात.

देवदत्त_न

कोरड्या बाल्कनीतल्या मोरीचे तोंड झाकलेले आहे का? माझ्या अनुभवात झुरळे डब्यामुळे येत नाहीत, ती मोरीतून येतात आणि डबा केवळ निमित्त असतो.

शर्वरी_ठाणे

मोरीला जाळी नाही. ड्रमच्या दोषाने येतात की मोरीच्या, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही बंद करते. सासूबाईंना दोन आठवड्यांची मुदत मागितली आहे. आता भर पावसात वाळका पालापाचोळा कोठून आणू, हा प्रश्न मात्र अजून आहे. सोसायटीतील पाने चिंब ओली आहेत.

मातीवाला

या पावसाळ्यापुरते कोकोपीटच वापरावे लागेल. वर्तमानपत्राचे तुकडे करून मधूनमधून घालता येतील, चकचकीत कागद नको. पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा दोन गोण्या भरून कोरड्या जागी ठेवा. ड्रम रिकामा केल्यावर मिश्रणाचा वास कसा येतो ते येथे कळवा. मातीसारखा नसून नाकाला झोंबणारा अमोनियासारखा येत असेल, तर कोरड्या पदार्थाचे प्रमाण आणखी वाढवावे लागेल.