मदत हवी आहे: क्रुस्कलमध्ये आधी घेतलेली स्वस्त एज पुढे नडत कशी नाही?

मिरजेची_मुलगी
नमस्कार. सांगलीत एमएस्सी कॉम्प्युटरला आहे, पहिलं वर्ष. क्रुस्कल, म्हणजे सगळी ठिकाणं कमीत कमी खर्चात जोडायला सायकल होत नसेल तोवर सर्वात स्वस्त एज, म्हणजे दोन ठिकाणांमधला दुवा, घेत जायची ग्रीडी पद्धत, मला हाताने सोडवता येतो. पण नोट्समध्ये "ग्राफिक मेट्रॉइडच्या एक्स्चेंज प्रॉपर्टीमुळे ग्रीडी बरोबर ठरते" असं एकच वाक्य आहे आणि दोन दिवस मी तिथेच अडकलेय. आपल्याकडचीच गावं घेऊन उदाहरण केलंय. आकडे मनाचे आहेत, केबल टाकायचा खर्च लाखांत समजा:

```
सांगली–मिरज 2
सांगली–तासगाव 4
तासगाव–कवठेमहांकाळ 5
मिरज–तासगाव 6
मिरज–कवठेमहांकाळ 7
तासगाव–विटा 8
विटा–कवठेमहांकाळ 15
```

क्रुस्कलने 2, 4, 5 घेतल्या, 6 आणि 7 ने सायकल होते म्हणून सोडल्या, मग 8. एकूण 19. उत्तर बरोबर आहे हे दिसतंय. पण 2 आणि 4 घेताना पुढचं काहीच पाहिलं नव्हतं. या दोन एजेस घेतल्यामुळे पुढे एखादी महागडी एज घ्यावीच लागेल, असं का होऊ शकत नाही?

पोवईनाका_सातारा
अगं सोपं आहे. प्रत्येक वेळी सर्वात स्वस्त घेतलीस, तर बेरीज सर्वात कमी येणारच. आणि एक्स्चेंज म्हणजे एवढंच: दोन फॉरेस्ट, म्हणजे सायकल नसलेले एजेसचे संच, असतील, तर मोठ्यातली कुठलीही एज उचलून लहानात टाकता येते.

मिरजेची_मुलगी
दादा, पहिलं वाक्य मला पटत नाही, कारण माझा प्रश्नच तो आहे. दुसरं मी तपासून पाहिलं. लहान फॉरेस्ट घेतलं सांगली–मिरज, सांगली–तासगाव. मोठं घेतलं मिरज–तासगाव, मिरज–कवठेमहांकाळ, तासगाव–विटा. त्यातली मिरज–तासगाव लहानात टाकली की लगेच सायकल होते.

जुना_मास्तर
बाळ, तू तपासलंस ते बरोबर आहे. "कुठलीही" नव्हे, "एक तरी". सगळा जीव त्या दोन शब्दांत आहे. निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं, आणि या जागी मुलं हमखास घसरतात.

तुझंच उदाहरण पुढे नेऊ. लहान फॉरेस्टने पाच गावांचे तीन गट केलेत: सांगली-मिरज-तासगाव एकत्र, कवठेमहांकाळ एकटं, विटा एकटं. आता मोठ्या फॉरेस्टच्या किती एजेस या गटांच्या आतल्या आत बसू शकतील? तीन गावांच्या गटात सायकल न करता फार तर दोन, एकट्या गावात शून्य. म्हणजे फार तर दोन. आणि लहान फॉरेस्टच्या एजेस नेमक्या तेवढ्याच आहेत. हा योगायोग नाही: क गावांचा गट जोडायला लहान फॉरेस्टने क वजा एक एजेसच वापरलेल्या असतात. मोठ्याकडे तीन आहेत, म्हणून निदान एक गटाबाहेर जाणारच. दोन वेगळ्या गटांना जोडणाऱ्या एजने सायकल होत नाही. तीच लहानात टाकायची. इथे मिरज–कवठेमहांकाळ चालते, तासगाव–विटाही चालते.

एक्स्चेंज प्रॉपर्टी म्हणजे एवढी मोजणी. नीट पाहा, यात खर्चाचा उल्लेखही आलेला नाही.

द्राक्षबागायतदार
मास्तर, मधेच विचारतो. आमचा मळा तासगावाजवळ. विहिरीवरून तीन प्लॉटला पाइप न्यायचाय. ही पद्धत लावली तर कमीत कमी पाइप लागेल ना?

जुना_मास्तर
पाटील, तुम्ही बांधावर मधेच टी टाकून पाइप फोडणार असाल, तर नाही. ही पद्धत ठरलेल्या ठिकाणांनाच एकमेकांशी जोडते, नवा सांधा तयार करत नाही. समजा तीन ठिकाणं एकमेकांपासून 100 मीटरवर आहेत. स्पॅनिंग ट्रीला, म्हणजे सायकल न करता सगळी ठिकाणं जोडणाऱ्या एजेसना, 200 मीटर पाइप लागेल. बरोबर मधोमध टी टाकलात तर सुमारे 173 मीटरमध्ये भागेल. तो प्रश्न स्टायनर ट्रीचा, आणि तो फार अवघड आहे. शिवाय दाब आणि पाइपचा व्यास हे हिशेब वेगळेच.

द्राक्षबागायतदार
टी तर टाकणारच. बरं झालं विचारलं.

मिरजेची_मुलगी
सर, मोजणी समजली. पण त्यात खर्च नाही, मग ती स्वस्तपणाशी कशी जोडायची?

जुना_मास्तर
दुसरं कुठलंही स्पॅनिंग ट्री घे आणि दोघांच्या एजेस स्वस्त ते महाग अशा ओळीने मांड. क्रुस्कलची ओळ 2, 4, 5, 8. दुसरं समज 2, 6, 7, 8. माझा दावा बेरजेपेक्षा मोठा आहे: कुठल्याही जागी दुसऱ्याचा आकडा क्रुस्कलच्या आकड्यापेक्षा लहान असूच शकत नाही.

असला असं धर. तो पहिल्यांदा तिसऱ्या जागी लहान निघाला, म्हणजे कुणाकडे तरी 5 पेक्षा स्वस्त अशा तीन एजेस आहेत आणि त्यांत सायकल नाही. त्या वेळी क्रुस्कलकडे दोनच होत्या, 2 आणि 4. तीन विरुद्ध दोन, म्हणजे एक्स्चेंज लागू. त्या तिघींतली एक तरी या दोघींत सायकल न करता बसते, आणि ती 5 पेक्षा स्वस्त आहे. मग 5 ला हात लावण्याआधी ती क्रुस्कलच्या समोर येऊन गेलेली असणार. तेव्हा नाकारली असेल तर सायकल होत होती म्हणूनच, आणि तेव्हा झालेली सायकल एजेस वाढल्यावर मोडत नाही. पण आता तर ती बसते म्हणतोय. म्हणजे नाकारलेली नाही. मग ती घेतलेली असायला हवी होती, आणि घेतलेल्यांत ती नाही. विसंगती आली.

क्रुस्कल 1956 चा. त्याच्या आधी 1935 मध्ये व्हिटनीने मेट्रॉइड, म्हणजे ही एक्स्चेंज जिथे चालते अशी रचना, ही कल्पना मांडली, ती रेषीय अवलंबनावरून. बीएस्सीला व्हेक्टर स्पेसच्या बेसिसमध्ये तू हीच अदलाबदल केली असशील. तिथे व्हेक्टर, इथे एजेस.

मिरजेची_मुलगी
जागोजागी तुलना! मी उगाच बेरजेला धरून बसले होते. म्हणजे नेमकी तिसरी एज महाग पडली असती, तर तिसऱ्या जागी बसणारी स्वस्त एज आधीच हाती आली असती.

पोवईनाका_सातारा
माझी चूक मान्य. पण मग कुठल्याही अटीवर ग्रीडी चालेल की. समजा एका गावाला दोनच केबल जोडता येतात. बॉक्सला दोनच पोर्ट. तसं जमेल तिथे स्वस्त घेत जायचं.

जुना_मास्तर
याच आकड्यांवर करून पाहा.

पोवईनाका_सातारा
केलं. 2, 4, 5 घेतल्या आणि तासगावचे दोन्ही पोर्ट भरले. 8 बसत नाही, शेवटी विट्याला 15 ने जोडावं लागलं. एकूण 26. पण कवठेमहांकाळ–मिरज–सांगली–तासगाव–विटा असं गेलो तर 7, 2, 4, 8, म्हणजे 21. इथे ग्रीडी चुकली.

मिरजेची_मुलगी
मी एक्स्चेंज तपासलं, ते इथे मोडतं. लहान संच मिरज–तासगाव, तासगाव–कवठेमहांकाळ. मोठा सांगली–तासगाव, तासगाव–विटा, मिरज–कवठेमहांकाळ. पहिल्या दोन टाकल्या तर तासगावला तीन केबल होतात, तिसरीने सायकल. एकही बसत नाही. पण सर, अट एकट्या तासगावला असेल आणि बाकी गावं मोकळी असतील तर? हेच दोन संच तेव्हाही अडवतात. म्हणजे तोही प्रश्न हाताबाहेर गेला का?

जुना_मास्तर
नाही, आणि तेच सुंदर आहे. साधी ग्रीडी हमखास बरोबर येईल याची खात्री जाते, पण तो दोन मेट्रॉइड्सचा छेद होतो: एकात सायकल नको, दुसऱ्यात तासगावला दोनच केबल. त्याला चांगली पद्धत आहे, तिच्यात घेतलेली एज परत सोडावी लागते. सगळ्याच गावांना दोनची अट लावलीस तर मात्र सर्व गावांतून जाणारी एकच वाट शोधावी लागते, आणि त्याला कुठलीही जलद पद्धत कुणाला माहीत नाही.

मिरजेची_मुलगी
घेतलेली एज कधी सोडायची हे कसं ठरवतात? एका गावाच्या अटीवर मी रात्री हाताने करून बघते, उद्या इथेच टाकते.