मदत हवी आहे: वॉक-फॉरवर्ड चाचणीत खिडकीची लांबी कशाच्या आधारे ठरवावी?

नमस्कार. मी नागपूरला असतो आणि नोकरी सांभाळून निफ्टीच्या 2008 ते 2023 या काळातील दैनिक भावांवर, दोन मूव्हिंग ॲव्हरेजच्या छेदावर खरेदी-विक्री करणारी पद्धत तपासत आहे. प्रत्येक वेळी 3 वर्षांच्या माहितीवर सर्वाधिक नफा देणारी जोडी निवडायची, ती निवडीत न वापरलेल्या पुढच्या 6 महिन्यांवर जशीच्या तशी चालवायची आणि मग दोन्ही खिडक्या 6 महिन्यांनी पुढे सरकवायच्या, असा क्रम आहे.

हे सहामाही तुकडे जोडल्यावर मिळणारा वार्षिक परतावा निवडीच्या काळातील परताव्याच्या साधारण निम्मा भरतो. ही घट अपेक्षितच होती. खटकते ते असे की एका खिडकीत 20 आणि 100 दिवसांची जोडी उत्तम ठरते, तर लगतच्या खिडकीत 45 आणि 180 दिवसांची, आणि या दोन खिडक्यांत अडीच वर्षांची माहिती सामाईक असते! शेजारच्या जोड्याही बरा नफा देतात अशीच जोडी निवडली, तर या उड्या कमी होतात.

खिडकी 4 वर्षांची केल्यास निकाल बराच सुधारतो. परंतु निकाल पाहून लांबी निवडली, तर तीही एक जुळवलेली किंमतच ठरते आणि न पाहिलेली माहिती तशी उरत नाही. म्हणूनच 2024 पासूनचे भाव मी अद्याप वापरलेले नाहीत.

ही लांबी सौद्यांच्या किमान संख्येवरून आधीच निश्चित करावी, की अनेक लांबींच्या निकालांची सरासरी धरावी? लांब जोडीचे 3 वर्षांत जेमतेम मूठभर सौदे होतात, हे उत्तर देताना कृपया ध्यानात घ्यावे.