निविदा मिळाल्यानंतर कंपनीची भरती नेमकी कधी सुरू होते? (मदत हवी आहे)

नाशिककर: नमस्कार. रस्तेबांधणीतल्या कंपन्यांना साइट इंजिनिअर, सर्व्हेअर आणि लॅब टेक्निशियन मिळवून देणारी माझी छोटी प्लेसमेंट एजन्सी आहे. जाहिरात येण्याआधी कंपनीपर्यंत पोहोचता यावे, म्हणून महाटेंडर्सवर `AOC` दिसणाऱ्या निविदा आणि कंपन्यांनी शेअर बाजाराला कळवलेली नवी कामे यांची मी यादी ठेवतो. मात्र काम मिळाल्याची बातमी आल्यावर फोन केला, तर बहुतेक ठिकाणी ‘सध्या गरज नाही’ असे उत्तर मिळते, आणि पुढे कधीतरी त्याच कंपनीची जाहिरात दिसते. हायब्रिड अॅन्युइटी पद्धतीच्या महामार्गाच्या कामात मधला काळ कशावरून धरावा?

शेअरवाला: ऑर्डर बुक पाहा. उलाढालीच्या तिप्पट कामे हातात असतील, तर माणसे घ्यावीच लागतात.

बिलिंग_इंजिनिअर: ऑर्डर बुकवरून भरती होणार एवढे कळते, कधी, ते कळत नाही, आणि प्रश्न तोच आहे. समजा, काम दिल्याचे पत्र, म्हणजे एलओए, जानेवारीत मिळाले. त्यानंतर साधारण दीड महिन्यात करार होतो आणि पुढे बँकांचे कर्ज निश्चित करायला पाच महिने असतात, म्हणजे ऑगस्ट उजाडतो. त्यातही ८० टक्के जमीन ताब्यात असल्याखेरीज काम सुरू करण्याची अधिकृत तारीख, म्हणजे अपॉइंटेड डेट, जाहीर होत नाही, आणि ती पावसाळ्यात मिळाली तरी मातीकाम दसऱ्याच्या आसपासच वेग घेते. तोपर्यंत सर्व्हे, डिझाइन आणि भूसंपादनाचा पाठपुरावा करणारे मोजके लोक पुरतात. बांधकामाचे सगळे पैसे सरकारच देते अशा ईपीसी कामात कर्जाची ही पायरी नसल्याने हा काळ कमी असतो.

मी स्वतः तारखेपेक्षा कॅम्पवर विश्वास ठेवतो. कंपनीने कॅम्पसाठी जमीन भाड्याने घेतली आणि हॉटमिक्स प्लांटच्या संमतीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज केला, की लॅबवाल्यांची मागणी फार दूर नसते. त्याच कंपनीचे जवळपासचे एखादे काम संपत आले आहे का, हेही पाहा. तसे असेल तर तिथलीच माणसे इकडे हलवतात आणि बातमी मोठी असूनही भरती किरकोळ होते.

घंटागाडी: आमच्या पालिकेत सफाईचे कंत्राट नव्या ठेकेदाराला मिळाले, पण त्याने एकही नवा माणूस घेतला नाही. आम्हीच तिथे, फक्त गणवेश बदलला. आधीच्या ठेकेदाराने पीएफ भरलेला नाही, त्याची तक्रार कुठे करावी?

बिलिंग_इंजिनिअर: पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या, मूळ मालक म्हणून पालिकेवरही जबाबदारी येते. सविस्तर उत्तरासाठी वेगळा धागा काढलात तर बरे. नाशिककर, मनुष्यबळ पुरवठ्याच्या निविदा तुमच्या यादीतून का वगळाव्यात, ते मात्र यावरून लक्षात येईल.

नाशिककर: आभारी आहे. एक अडचण उरते. करार त्या कामापुरत्या काढलेल्या वेगळ्या कंपनीच्या, म्हणजे एसपीव्हीच्या, नावावर असतो, मूळ कंपनी शोधता येते, पण मातीकाम आणि पुलांसाठी माणसे घेणारा पोटठेकेदार कुठेच दिसत नाही. तो आधी कसा ओळखावा?

बिलिंग_इंजिनिअर: पोर्टलवर तो सापडणार नाही. मी त्या तालुक्यातल्या डंपरमालकांना विचारतो. गाड्या कोणी ठरवल्या, हे त्यांना ठाऊक असते. पण तोवर त्याची निम्मी माणसे ठरलेली असतात. याहून लवकर कळण्याचा मार्ग कोणाला माहीत असल्यास मलाही हवा आहे.